दोन पैशांचा फरक

रुपयांत आणि पैशांत लिहिलेली कोणतीही किंमत ही दशांश पद्धतीतील अचूक संख्या असते, १८.२५ म्हणजे अठरा रुपये पंचवीस पैसे, त्यात कमी किंवा अधिक काही संभवत नाही. संगणकाच्या बिलिंग प्रणालीत मात्र हीच संख्या कोणत्या प्रकारच्या रकान्यात ठेवली आहे यावर ती अचूक राहते की जवळपासची होते हे ठरते, आणि बिलाच्या ओळींची बेरीज व बिलाखाली छापलेली एकूण रक्कम यांचा ताळा जमत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा बोट प्रथम याच रकान्याकडे दाखवले जाते. ते दाखवणे निम्मेच बरोबर आहे. रकाना बदलल्याने एक चूक जाते, पण तिच्या आड लपलेली दुसरी चूक त्याच दिवशी उघडी पडते. या दोन चुका एकमेकींपासून वेगळ्या करणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

संगणकात अपूर्णांक ठेवण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे ज्यात संख्येचे महत्त्वाचे अंक आणि बिंदूची जागा वेगवेगळी नोंदवली जाते अशी द्विमान पद्धतीची संख्या. १९८५ मध्ये प्रमाणित झालेल्या आयईईई ७५४ या मानकातील चौसष्ट बिटांचा प्रकार, ज्याला डबल म्हणतात, आज जवळपास प्रत्येक संगणकभाषेत आढळतो. तो विज्ञानासाठी उत्तम आहे, कारण अंतराळातील अंतरे आणि अणूंची वस्तुमाने एकाच साच्यात सुमारे पंधरा-सोळा अंकांच्या अचूकतेने बसवता येतात. परंतु द्विमान पद्धतीत केवळ असेच अपूर्णांक नेमके लिहिता येतात ज्यांचा छेद दोनाच्या घातात मांडता येतो: अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश. एक दशांश या संख्येच्या छेदात पाच हा अवयव असल्यामुळे द्विमान पद्धतीत तो कधीच संपत नाही, जसा दशांश पद्धतीत एक तृतीयांश ०.३३३ असा लिहीत गेले तरी संपत नाही. म्हणून एका रुपयाच्या शंभर पैशांपैकी केवळ शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर हेच पैसे डबलमध्ये नेमके बसतात. उरलेले शहाण्णव पैसे अंदाजाने ठेवले जातात.

येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. १ एप्रिल १९५७ पूर्वी भारतात रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सोळा आणि चौसष्ट हे दोन्ही दोनाचे घात असल्यामुळे जुना आणा आणि जुना पैसा डबलमध्ये कसलाही अंदाज न करता बसला असता. अडचण फक्त पैच्या बाबतीत आली असती, कारण पैशाच्या तीन पया होत आणि तीन हा अवयव द्विमान पद्धतीला तितकाच अवघड आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून दशमान नाणेपद्धती आली आणि ती माणसाला खरोखरच सोपी गेली. यंत्राला मात्र तिच्यामुळे थोडी कसरत करावी लागते.

डबलमधील चूक अत्यंत सूक्ष्म असते. नऊ टक्के हा दर ०.०९ म्हणून ठेवला तर प्रत्यक्षात साठवली जाणारी संख्या ०.०८९९९९९९९९९९९९९९९६६७ च्या जवळपास असते, म्हणजे फरक दशांशचिन्हानंतर अठराव्या स्थळी सुरू होतो. इतका फरक कोणत्याही बिलात दिसणार नाही असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि रक्कम नुसती साठवून पुन्हा छापायची असेल तर तो दिसतही नाही. तो दिसतो तो राउंडिंगच्या वेळी, म्हणजे गुणाकाराने आलेले उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत, जवळच्या पूर्ण पैशावर आणताना. उत्तर दोन पैशांच्या बरोबर मधोमध पडले असेल तर अठराव्या स्थळावरचा कणही तराजू एका बाजूला झुकवतो आणि चूक एकदम एका पूर्ण पैशाची होते.

अशी मधोमध पडणारी उत्तरे क्वचित येत असतील असा समज आहे; वस्तू व सेवा करात तो खरा ठरत नाही. अठरा टक्के दराच्या मालावर राज्यांतर्गत विक्रीत नऊ टक्के केंद्राचा सीजीएसटी आणि नऊ टक्के राज्याचा एसजीएसटी लागतो. पूर्ण रुपयावर नऊ टक्के म्हणजे नऊ पैसे, तेथे काही प्रश्न नाही. पण पन्नास पैशांवर नऊ टक्के म्हणजे साडेचार पैसे. म्हणून पन्नास पैशांनी संपणारी प्रत्येक करपात्र रक्कम, एकही अपवाद न होता, नेमकी मधल्या बिंदूवर येते. पाच टक्के दराच्या मालावर तर अडीच टक्क्यांचे दोन भाग होतात आणि एका रुपयावर अडीच पैसे कर येतो, त्यामुळे विषम संख्येच्या पूर्ण रुपयांतील किंमतही तेथेच जाऊन पोहोचते. बाजारातील किमती पन्नास पैशांवर किंवा पूर्ण रुपयावर संपण्याची सवय लक्षात घेता, ही स्थिती अपवाद नसून नेहमीची आहे.

आता एक बिल पूर्णपणे सोडवून पाहणे उपयुक्त ठरेल. महाराष्ट्रातील एका काल्पनिक हार्डवेअर दुकानाने राज्यातीलच ग्राहकाला चार प्रकारचा माल विकला आहे, असे समजावे: १८.२५ दराने सहा कब्जे, २३.५० दराने स्क्रूची सात पाकिटे, ३१.७५ दराने दोन टॉवर बोल्ट आणि ४१.५० दराने दाराची तीन हँडल. सर्वांवर अठरा टक्के कर आहे आणि दर कराशिवायचे आहेत. खालील तक्त्यात प्रत्येक ओळीवरचा सीजीएसटी तीन प्रकारे दिला आहे: गणिताने येणारा अचूक आकडा, डबल प्रकारात गुणून पैशावर आणलेला आकडा, आणि दशांश प्रकारात गुणून, अर्धा पैसा वर नेण्याच्या नियमाने पैशावर आणलेला आकडा.

| माल | करपात्र रक्कम | अचूक ९% | डबल | दशांश |
|---|---|---|---|---|
| कब्जे | १०९.५० | ९.८५५ | ९.८६ | ९.८६ |
| स्क्रू | १६४.५० | १४.८०५ | १४.८० | १४.८१ |
| टॉवर बोल्ट | ६३.५० | ५.७१५ | ५.७१ | ५.७२ |
| हँडल | १२४.५० | ११.२०५ | ११.२१ | ११.२१ |
| एकूण | ४६२.०० | ४१.५८ | ४१.५८ | ४१.६० |

डबलच्या रकान्यातील वागणूक पायथॉन भाषेत दोन ओळींत तपासता येते:

```python
>>> round(109.5 * 0.09, 2)
9.86
>>> round(164.5 * 0.09, 2)
14.8
```

दोन्ही उत्तरे खऱ्या गणितात मधल्या बिंदूवर आहेत, तरी पहिले वर गेले आणि दुसरे खाली आले. येथे कोणताही नियम लागलेला नाही. गुणाकाराचे उत्तर ज्या द्विमान संख्येवर जाऊन बसले ती ९.८५५ पेक्षा किंचित मोठी निघाली आणि १४.८०५ च्या बाबतीत किंचित लहान निघाली, इतकेच. पहिल्या ओळीवर अर्धा पैसा जास्त घेतला गेला आणि दुसऱ्या ओळीवर तो सुटला, याचे समर्थन कोणत्याही लेखापरीक्षकापुढे करता येणार नाही.

तक्त्याची शेवटची ओळ मात्र अधिक बारकाईने पाहावी लागते. करपात्र रकमांची बेरीज ४६२ रुपये आहे, तिच्यावर नऊ टक्के म्हणजे नेमके ४१ रुपये ५८ पैसे. डबलने दोन ओळी चुकून वर नेल्या आणि दोन चुकून खाली आणल्या, त्यामुळे चुका एकमेकींत जिरल्या आणि बेरीज बरोबर ४१.५८ आली. दशांश प्रकाराने प्रत्येक ओळ नियमाने वर नेली, चार वेळा अर्धा-अर्धा पैसा वाढला, आणि बेरीज ४१.६० झाली. म्हणजे जुनी, सदोष प्रणाली या बिलाचा ताळा जमवत होती, आणि सुधारलेली प्रणाली तो दोन पैशांनी चुकवते आहे. एसजीएसटी तितकाच असल्यामुळे एकूण बिलात फरक चार पैशांचा होतो. नवी प्रणाली सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात लेखा विभागाकडून आधीचेच बरे होते असा शेरा यावा याचे कारण येथे आहे, आणि त्या शेऱ्याला बळी पडून पुन्हा डबलकडे वळणे हा या विषयातला सर्वांत महागडा निर्णय असतो.

पहिली चूक कायमची काढण्यासाठी लागणारा दशांश प्रकार म्हणजे काय, हे आधी पाहावे. या प्रकारात संख्या दशमान अंकांतच ठेवली जाते आणि दशांशचिन्हाच्या उजवीकडे किती स्थळे ठेवायची हे आधी सांगितलेले असते. विद्यापीठांत विज्ञानासाठी फोरट्रान शिकवली जात असताना व्यापारासाठी घडवलेल्या कोबोल भाषेत दशमान अंकांचे रकाने होतेच. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या विदागारांत (डेटाबेसमध्ये) त्याला अनुक्रमे `numeric` आणि `DECIMAL` म्हणतात, तर जावात `BigDecimal` आणि पायथॉनमध्ये `Decimal` हे प्रकार आहेत. `numeric(12,2)` असे लिहिले की एकूण बारा अंक आणि त्यांपैकी दोन दशांशचिन्हानंतर, असा अर्थ होतो.

केवळ प्रकाराचे नाव लिहून मात्र भागत नाही. पायथॉनमध्ये `Decimal(0.09)` असे लिहिल्यास आधी डबल तयार होते आणि मग तिच्यातील सर्व शेपूट दशांश प्रकारात निष्ठेने उतरवली जाते. म्हणून दर नेहमी अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यावा लागतो. जावातही हीच स्थिती आहे. दोन प्रणालींमध्ये माहितीची देवाणघेवाण होताना किंमत साधी संख्या म्हणून पाठवली तर पलीकडची प्रणाली ती वाचताना पुन्हा डबल करू शकते. मोबाइलवरील लहान बिलिंग ॲपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसक्यूलाइट या विदागारात तर रकान्याला `DECIMAL` असे नाव देता येते, पण आत संख्या पूर्णांक किंवा डबल म्हणूनच राहते आणि कोणतीही सूचना मिळत नाही. अशा ठिकाणी रक्कम पूर्ण पैशांच्या संख्येत, म्हणजे १८.२५ ऐवजी १८२५ अशी ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

स्थळांची संख्या ठरवतानाही घाई नडते. बिलावरील रकमेला दोन स्थळे पुरतात, पण एका स्क्रूचा दर साडेसदतीस पैसे, म्हणजे ०.३७५ असू शकतो, म्हणून नगाच्या दराला चार स्थळे ठेवणे योग्य. कराच्या दराला दोन स्थळे पुरतील असे वाटते, परंतु कच्च्या हिऱ्यांवर ०.२५ टक्के कर आहे आणि त्याचे दोन समान भाग केले की ०.१२५ टक्के येतात. हा दर दोन स्थळांच्या रकान्यात घातला तर पोस्टग्रेस तो कसलीही तक्रार न करता ०.१३ करून ठेवते. दशांश रकाना हा स्वतःच राउंडिंगची एक जागा आहे, ही गोष्ट विकासकांच्या ध्यानात सहसा उशिरा येते: रकाना अरुंद असेल तर मूल्य आत जातानाच बदलते.

आता दुसरी चूक. ओळीओळीने पैशावर आणून मग बेरीज करणे आणि आधी बेरीज करून मग एकदाच पैशावर आणणे, या दोन क्रिया गणिताने वेगळ्या आहेत, आणि जगातला कोणताही साठवण प्रकार त्यांना एक करू शकत नाही. प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त अर्ध्या पैशाचा फरक पडू शकतो, म्हणून चार ओळींच्या बिलात तो फार तर दोन पैशांपर्यंत जातो. वरचे उदाहरण नेमके त्या टोकाचे आहे. याची किंमत संचयाने किती वाढू शकते याचा प्रसिद्ध दाखला कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराचा आहे. तेथील निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १,००० वर सुरू झाला आणि प्रत्येक व्यवहारानंतर त्याचे तीन दशांश स्थळांपुढचे अंक नुसते छाटले जात; नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो जवळजवळ निम्म्यावर आला होता, आणि हिशेब नीट केल्यावर तो १,०९८ च्या वर निघाला. तेथे दोष साठवणीचा नव्हता, नियमाचा होता.

अर्धा नेहमी वर नेण्याऐवजी तो जवळच्या सम पैशाकडे नेण्याचा एक नियम आहे, त्याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. पायथॉनच्या दशांश प्रकाराचा तो न सांगता लागू होणारा नियम आहे. वरच्या बिलावर तो लावला तर ओळी ९.८६, १४.८०, ५.७२ आणि ११.२० येतात आणि बेरीज ४१.५८ जमते. तरीही तो उपाय म्हणून स्वीकारणे चुकीचे आहे, कारण तो दीर्घकाळात एकाच दिशेने साचणारा कल कमी करतो, एकेका बिलाचा ताळा जमेल याची हमी देत नाही. चारही ओळी विषम पैशावर संपल्या असत्या तर चारही वर गेल्या असत्या. शिवाय भारतीय कायद्याचा कल वेगळा आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७० नुसार देय कराची रक्कम जवळच्या रुपयावर आणताना पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर रुपया वाढवायचा आणि त्याहून कमी पैसे सोडून द्यायचे आहेत. हे कलम रुपयाविषयी बोलते, ओळीवरील अर्ध्या पैशाविषयी नाही. पण एकाच बिलात रुपयाला एक नियम आणि पैशाला दुसरा लावणे हे समजावून सांगण्यास कठीण जाते. म्हणून नियमाचे नाव आज्ञावलीत उघडपणे लिहावे:

```python
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP
kar = Decimal("164.50") * Decimal("9") / 100
kar.quantize(Decimal("0.01"), rounding=ROUND_HALF_UP)  # 14.81
```

खरा निर्णय वेगळाच आहे: बिलावर मूळ आकडा कोणता आणि त्यापासून काढलेला कोणता. दोन भूमिका शक्य आहेत. पहिल्या भूमिकेत ओळ मूळ असते, प्रत्येक ओळीचा कर पैशावर आणला जातो आणि एकूण कर म्हणजे छापलेल्या ओळींची बेरीज, दुसरे काही नाही. वरच्या बिलात तो ४१.६० छापला जातो. दुसऱ्या भूमिकेत एका दराच्या सर्व मालाची बेरीज मूळ असते, तिच्यावर एकदाच कर काढून तो पैशावर आणला जातो, आणि ४१.५८ ही रक्कम मग ओळींमध्ये वाटली जाते. दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत. तक्रारीचे बिल तेव्हा जन्माला येते, जेव्हा ओळी पहिल्या भूमिकेने आणि खालचा आकडा दुसऱ्या भूमिकेने काढला जातो, आणि असे होण्याचे कारण बहुतेकदा इतके साधे असते की बिलाचा पडदा एकाने लिहिला आणि महिन्याचा अहवाल दुसऱ्याने.

ओळींची संख्या मोठी असेल तर दुसरी भूमिका अधिक योग्य ठरते, कारण दोनशे ओळींच्या बिलात अर्ध्या-अर्ध्या पैशाने एक रुपयापर्यंत कर वाढू शकतो. तिच्यातील वाटपाची रीत अशी: प्रत्येक ओळीचा अचूक कर पैशाच्या खालच्या बाजूला छाटावा, छाटलेल्यांची बेरीज एकूण करातून वजा करावी, आणि उरलेले पैसे ज्या ओळींतून सर्वांत मोठा तुकडा छाटला गेला त्यांना एकेक करून द्यावेत. वरच्या बिलात छाटलेले आकडे ९.८५, १४.८०, ५.७१ आणि ११.२० येतात, बेरीज ४१.५६ होते, आणि दोन पैसे वाटायचे उरतात. चारही ओळींतून सारखाच अर्धा पैसा छाटला गेल्यामुळे बरोबरी होते, आणि ती सोडवण्याचा नियम आधी ठरलेला असावा लागतो. मोठ्या करपात्र रकमेला प्राधान्य दिले तर स्क्रूच्या ओळीवर १४.८१ आणि हँडलच्या ओळीवर ११.२१ होतात, इतर दोन ओळी तशाच राहतात, आणि बेरीज ४१.५८ जमते. हा नियम नसेल आणि ओळी विदागारातून ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने पैसे वाटले गेले, तर तेच बिल दुसऱ्यांदा छापताना ओळींचे आकडे बदलू शकतात, आणि हा दोष मूळ दोषापेक्षा वाईट आहे.

सीजीएसटी आणि एसजीएसटी यांचा संबंधही येथेच ठरवावा लागतो. पहिल्या ओळीवर अठरा टक्के कर १९.७१ येतो, तो निम्मा करताना ९.८६ आणि ९.८५ असे दोन भाग करण्याचा मोह होतो, कारण बेरीज जमते. परंतु दोन्ही करांचा दर आणि पाया एकच असताना दोन वेगळ्या रकमा दाखवणे समर्थनीय नाही. कर नऊ टक्क्यांनी एकदा काढावा आणि तोच आकडा दोन्ही रकान्यांत लिहावा.

शेवटी बिलाची देय रक्कम रुपयावर आणली जाते. वरच्या बिलाचे ५४५.१६ काय किंवा ५४५.२० काय, दोन्ही ५४५ वरच येतात, त्यामुळे गिऱ्हाईकाला फरक कळत नाही आणि राउंड ऑफच्या खात्यात सोळा किंवा वीस पैसे जातात. म्हणूनच हा दोष दुकानात नव्हे तर महिनाअखेरीस, विवरणपत्राचा मेळ घालताना सापडतो. राउंड ऑफचे खाते कायम वेगळे ठेवावे. ई-इनव्हॉइसच्या नमुन्यातही त्यासाठी `RndOffAmt` हा स्वतंत्र रकाना दिलेला आहे. कराच्या बेरजेतील तफावत त्या खात्यात दडवणे मात्र गैर आहे, कारण मग रुपयावर आणल्याने पडलेला फरक कोणता आणि हिशेबाच्या दोषाने पडलेला कोणता हे पुन्हा कधीच वेगळे करता येत नाही.

आधीच्या बिलांतील तफावत शोधण्यास एक छोटी चौकशी पुरते:

```sql
SELECT b.id, b.cgst - SUM(o.cgst) AS farak, COUNT(*) AS oli
FROM bill b JOIN bill_line o ON o.bill_id = b.id
GROUP BY b.id, b.cgst
HAVING b.cgst <> SUM(o.cgst);
```

मात्र हे रकाने अद्याप डबल असतील तर ही चौकशी शेपटातील कणांमुळे निर्दोष बिलेही पकडून आणते, म्हणून आधी दोन्ही बाजू `numeric` करून दोन स्थळांवर आणाव्यात. मिळालेला फरक ओळींच्या संख्येशी ताडून पाहावा. फरक ओळींच्या निम्म्या संख्येइतक्या पैशांच्या आत असेल तर तो राउंडिंगचा असण्याची शक्यता आहे, आणि तो बहुतेक बिलांत एकाच दिशेचा असेल तर ओळी वर नेल्या जातात व एकूण कर स्वतंत्रपणे काढला जातो असे समजावे. चार ओळींच्या बिलात फरक सात पैसे निघाला तर मात्र तो राउंडिंगने पडूच शकत नाही. तेथे सवलत एका बाजूला कराआधी आणि दुसऱ्या बाजूला करानंतर वजा झाली आहे का, किंवा एखाद्या ओळीला वेगळा दर लागला आहे का, हे शोधावे लागते. ही मर्यादा हाताशी नसल्यामुळे अनेक ठिकाणी खरे दोषही पैशांचा फरक म्हणून सोडून दिले जातात.

दिलेली बिले नव्या नियमाने पुन्हा काढून विदागारात बदलू नयेत. ग्राहकाच्या हातातील कागद हा झालेला व्यवहार आहे आणि त्याने त्या आकड्यावर कराची वजावट घेतलेली असू शकते. म्हणून जुन्या ओळी व जुन्या बेरजा आहेत तशा दशांश रकान्यात उतरवाव्यात, नवा नियम एका ठरलेल्या तारखेपासून लावावा आणि प्रत्येक बिलावर तो कोणत्या नियमाने काढला याची खूण ठेवावी.

परत आलेल्या मालाचे बिलही याच तत्त्वाने चालते. स्क्रूच्या सात पाकिटांवर १४.८१ कर घेतला असेल आणि पाकिटे एकेक करून परत आली, तर प्रत्येकाचा कर नव्याने काढल्यास २.१२ प्रमाणे सात वेळा १४.८४ परत जातात, म्हणजे घेतल्यापेक्षा तीन पैसे अधिक. म्हणून परतीची रक्कम आतापर्यंतच्या एकूण परतीवरून काढावी आणि आधी दिलेली वजा करावी. शेवटचे पाकीट आले की आपोआप १४.८१ पूर्ण होतात. ऋण रकमांच्या राउंडिंगमध्ये आणखी एक खड्डा आहे: जावास्क्रिप्टचे `Math.round` ९८५.५ ला ९८६ करते, पण उणे ९८५.५ ला उणे ९८५ करते, कारण ते अर्धा नेहमी मोठ्या संख्येकडे नेते. त्यामुळे बिल आणि त्याचीच परती यांत एका पैशाचा फरक राहतो. रकमेचे चिन्ह बाजूला ठेवून राउंडिंग करावे आणि मग चिन्ह परत लावावे, इतकेच त्याचे उत्तर आहे.

दशांश प्रकार किमती अचूक ठेवतो आणि अर्ध्या पैशाचा निवाडा नशिबावर सोडत नाही. पण ओळ मूळ की बेरीज मूळ, हा निर्णय लेखापालाने लेखी द्यायचा असतो, आणि तो आज्ञावलीत एकाच ठिकाणी लिहिलेला नसेल तर रकान्याचा प्रकार कितीही बदलला तरी ते दोन पैसे परत येतात.